अर्धा पत्ता, अर्धा आकडा

तारखात्याची तार 15 जुलै 2013 रोजी आपल्या देशातून निवृत्त झाली. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून ती लिहिणारा मनुष्य मजकूर आखडून लिहीत असे. परंतु ही काटछाट त्याची स्वतःची असे. कोणता शब्द गाळला तरी चालेल आणि कोणता गाळला तर घोटाळा होईल, हे त्याला ठाऊक असे. ‘प्रकृती’ हा शब्द तो गाळील, पण गाडीचा दिवस गाळणार नाही. आकड्यांच्या बाबतीत तर जगभरच्या तारखात्यांत ते पुन्हा पाठवून पडताळून घेण्याची रीत होती. कारण शब्दातले एक अक्षर गळाले तरी वाचणारा अर्थ लावू शकतो. आकड्यातला एक अंक गळाला तर अर्थ लावण्याजोगे काही उरतच नाही.

तारेची जागा आज भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने घेतली आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेतील जमाखर्च, विजेचे देयक या सर्वांचा निरोप आता याच वाटेने येतो. मात्र या वाटेवर एक कात्री बसलेली आहे आणि ती कात्री वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात नाही. ठराविक लांबी भरली की ती मजकूर तोडते. पुढे शब्द आहे, संकेतस्थळाचा पत्ता आहे की दूरध्वनीचा क्रमांक आहे, हे ती पाहत नाही. शब्द तुटला तर वाचणाऱ्याला कळते. पत्ता किंवा क्रमांक तुटला तर बहुधा कळत नाही. आणि उरलेला तुकडा पुरा आहे असे समजून लोक तो वापरतात. असा तुकडा वापरू नये, इतकेच नव्हे तर तो पुढे पाठवणाऱ्याने मुळात ठेवूच नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे थोडी तपशिलात जाऊन पाहणे आवश्यक आहे.

सत्तर खुणांची चौकट

लघुसंदेशाची लांबी 160 अक्षरांची असावी असे 1985 च्या सुमारास ठरले. जर्मनीतील बॉन शहरी दूरसंचार क्षेत्रात काम करणारे फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टंकयंत्रावर सहज सुचतील ती वाक्ये लिहून अक्षरे मोजली, पोस्टकार्डे आणि टेलेक्सवरील निरोप तपासले आणि बहुतेक निरोप एवढ्यात मावतात असा निष्कर्ष काढला. त्या संदेशासाठी यंत्रात 140 बाइटांची, म्हणजे 1120 बिटांची, जागा राखण्यात आली. रोमन लिपीतील एका अक्षराला सात बिटे पुरतात. 1120 ला 7 ने भागले की 160 येतात. हा हिशेब युरोपातील लिप्यांचा होता, हे सांगावयास नकोच.

देवनागरीतील प्रत्येक खुणेला मात्र सोळा बिटे लागतात. 1120 ला 16 ने भागले की उरतात 70. संदेशात एकही मराठी अक्षर आले की संपूर्ण संदेशालाच, त्यातील रोमन अक्षरांसह, हे सत्तरांचे माप लागू होते. मजकूर त्याहून मोठा असेल तर तो भागांत विभागला जातो. आणि भाग कोणत्या क्रमाने जोडावयाचे याची नोंद प्रत्येक भागात ठेवावी लागत असल्याने दर भागात 67 खुणाच मावतात. पाठवणाऱ्या संस्थेला दोन भागांचे पैसे दोन संदेशांइतके पडतात.

शिवाय यंत्राची ‘खूण’ म्हणजे आपले अक्षर नव्हे. ‘अतिवृष्टीने’ हा शब्द शाळेतील मुलाला विचारा. तो अ, ति, वृ, ष्टी, ने अशी पाच अक्षरे सांगेल. यंत्र मात्र प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील लपलेला पाय वेगळा मोजते. एकट्या ‘ष्टी’ मध्ये ष, पाय मोडल्याची खूण, ट आणि दीर्घ वेलांटी अशा चार खुणा होतात, आणि संपूर्ण शब्दाच्या अकरा. त्यामुळे जो मराठी मजकूर डोळ्यांना चिमुकला दिसतो तो यंत्राच्या मोजणीत सत्तरी कधी ओलांडतो हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

एका निरोपाचे शवविच्छेदन

आता एक नमुना घेऊ. हिंगोली जिल्ह्यातील पाचही तालुक्यांत सोयाबीन आहे. पावसाळ्यात कयाधूकाठच्या रानात पाणी शिरणे ही नवलाची गोष्ट नाही. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत ज्या हंगामात स्थानिक आपत्तीचे संरक्षण लागू असते, त्या हंगामात नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत ते कळवावे लागते. अशा वेळी एखाद्या कार्यालयाने पुढील निरोप तयार केला असे समजू. निरोप कल्पित आहे; त्यातील पत्ता आणि क्रमांक मात्र खरे आहेत.

```
अतिवृष्टीने पीक बुडाल्यास 72 तासांत नुकसान कळवा. संकेतस्थळ : pmfby.gov.in दूरध्वनी : 14447
```

निरोप शुद्ध आहे, सुटसुटीत आहे आणि त्यात नको असलेला शब्द नाही. परंतु मोजू लागलो की चित्र बदलते. ‘कळवा’ पुढील पूर्णविरामापर्यंत 48 खुणा होतात. ‘संकेतस्थळ’, विसर्गासारखे दोन टिंब आणि मोकळ्या जागा धरून 61. पत्त्यातील पहिले अक्षर 62 वे. पत्ता 73 व्या खुणेवर संपतो आणि संपूर्ण निरोप 90 वर. म्हणजे निरोपाला दोन भाग लागणार. दुसऱ्या भागाचे पैसे वाचावेत म्हणून पाठवणाऱ्या संगणकाला ‘सत्तरांपुढे कापा’ असे सांगून ठेवलेले असेल, किंवा नोंदवहीच्या रकान्यालाच सत्तरांची मर्यादा असेल, तर शेतकऱ्याच्या हाती पडते ते असे :

```
अतिवृष्टीने पीक बुडाल्यास 72 तासांत नुकसान कळवा. संकेतस्थळ : pmfby.gov
```

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हा निरोप तुटलेला दिसतो काय? वाक्य पुरे आहे. पत्ता पत्त्यासारखा आहे. मध्ये टिंब आहे, शेवटी सरकारदर्शक अक्षरे आहेत. दूरध्वनीचा उल्लेख होता याचा मागमूसही उरलेला नाही. कात्री दोन-तीन खुणा अलीकडे चालली असती, तर `pmfby.` असे काही उरले असते आणि कोणालाही शंका आली असती. ती नेमकी अशा ठिकाणी चालली की जखम दिसू नये. त्यातच आजचे फोन पत्त्यासारखी दिसणारी कोणतीही अक्षरमाळ आपण होऊन निळी करतात आणि तिच्याखाली रेघ ओढतात. तुकड्याला यंत्राने दिलेली ही जणू मान्यतेची मोहोर असते. वास्तविक यंत्राने फक्त आकार पाहिलेला असतो, खरेपणा नव्हे.

पत्त्याचे मूळ शेपटात

तुकडा वापरल्याने होते काय, हे समजण्यासाठी संकेतस्थळाचा पत्ता कसा वाचला जातो हे पाहिले पाहिजे. टपालाच्या पत्त्यात आपण आधी नाव, मग गाव, तालुका, जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. टपाल छाटणारा मात्र उलट, मोठ्याकडून लहानाकडे वाचतो : आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. संगणकाचेही तसेच आहे. `pmfby.gov.in` या पत्त्यात तो प्रथम शेवटचे `in` पाहतो, म्हणजे भारत. मग `gov`, म्हणजे भारतातील शासकीय विभाग. आणि शेवटी `pmfby`, म्हणजे त्या विभागातील एक घर. तेव्हा शेपूट तुटणे म्हणजे पत्त्यातील किरकोळ भाग जाणे नव्हे. जिल्हा आणि राज्यच जाणे होय.

आपल्याच भागातील उदाहरण द्यावयाचे तर नर्सी हे गाव घ्या. संत नामदेवांचे नर्सी हिंगोली तालुक्यात आहे. दुसरे नर्सी नांदेड जिल्ह्यात नायगाव तालुक्यात आहे. ‘मु. पो. नर्सी’ एवढाच पत्ता उरला तर पत्र कोठे जाईल? गावाचे नाव अचूक आहे, एक अक्षरही चुकलेले नाही. आणि तरीही पत्ता चुकीचा आहे.

`pmfby.gov` या तुकड्याचे तसेच होते. नुसता `.gov` हा शेवट अमेरिकेच्या शासनसंस्थांसाठी राखलेला आहे. तेथे भारतातील विमा योजनेचे घर असण्याचा संभव नाही. शेतकऱ्याच्या मुलाने त्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवले तर बहुधा ‘पान सापडत नाही’ एवढेच उत्तर मिळेल. हा त्यातल्या त्यात सौम्य परिणाम. परंतु त्याचा अर्थ घरात असा लावला जाईल, की शासनाचे संकेतस्थळ बंद पडले आहे, उद्या पाहू. 72 तासांतील एक दिवस असा जातो. पत्ता मुळीच दिला नसता तर तोच मनुष्य सकाळी कृषी सहायकाकडे किंवा बँकेत गेला असता.

सर्वच तुकडे इतके निरुपद्रवी नसतात. व्यापारी संस्थांच्या पत्त्यांचा शेवट पुष्कळदा `.co.in` किंवा `.com` असा असतो. पहिल्यातील शेवटचे तीन, किंवा दुसऱ्यातील शेवटचे एक अक्षर तुटले की दोहोंचेही `.co` होते. हा शेवट दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशाचा आहे आणि 2010 साली त्या देशाने तो जगातील कोणालाही विकत घेता येईल असा खुला केला. म्हणजे आपल्या परिचयाच्या बँकेचे किंवा दुकानाचे नाव, त्यापुढे `.co`, हा पत्ता अगदी वेगळ्याच माणसाच्या मालकीचा असू शकतो. तो सज्जन असेल किंवा नसेल. पान उघडेल, रंग आणि चिन्ह ओळखीचे दिसेल, आणि खाते क्रमांक मागितला जाईल. तुकड्याने ‘सापडत नाही’ असे उत्तर दिले तर ते भाग्यच समजावे. खरा धोका तो उघडतो तेव्हा असतो.

ही केवळ तर्कातील भीती नाही. अमेरिकेच्या सैन्यदलांच्या पत्त्यांचा शेवट `.mil` असा असतो. त्यातील एक अक्षर गळाले की `.ml` होते आणि तो शेवट आफ्रिकेतील माली या देशाचा आहे. येथे अक्षर शेपटातून नव्हे, मधून गळते आणि गाळणारे यंत्र नसून टंकलेखकाचे बोट असते, एवढाच फरक. मालीच्या या शेवटाची व्यवस्था कंत्राटाने पाहणारे योहानेस झुरबिर हे डच गृहस्थ अनेक वर्षे या चुकीकडे अमेरिकेचे लक्ष वेधीत होते. जुलै 2023 मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ या दैनिकाने हे प्रकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्या वर्षीच्या जानेवारीपासून वाट चुकलेली सुमारे 1,17,000 पत्रे त्यांच्यापाशी साठली होती. त्यांत वैद्यकीय अहवाल होते, ओळखपत्रांचे तपशील होते, अधिकाऱ्यांच्या प्रवासाची वेळापत्रके होती. एका अक्षराच्या उणिवेने पत्र हरवत नाही. ते दुसऱ्याला पोहोचते.

कात्री पत्त्याच्या तिरप्या रेघेपुढे चालली तर घर बरोबर राहते, पण खोली चुकते. आखूड केलेल्या दुव्यांच्या बाबतीत हे विशेष घातक आहे. तेथे रेघेपुढे सहा-सात निरर्थक अक्षरे असतात आणि तीच सर्वस्व असतात. एक तुटले तर उरलेली अक्षरेही कोणा दुसऱ्याच्या दुव्याची असू शकतात. लहान-मोठी रोमन अक्षरे आणि अंक मिळून प्रत्येक जागी 62 पर्याय असल्यामुळे तुटलेले अक्षर अंदाजाने भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आकड्याला साक्षीदार नसतो

पत्त्यात निदान काही अर्थ असतो. क्रमांकात तोही नसतो. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा अंक चुकला तर यंत्र ते पकडते. दूरध्वनीच्या क्रमांकात असा साक्षीदार अंक नाही. कोणताही अंक कोणत्याही अंकापुढे येऊ शकतो. म्हणून भ्रमणध्वनीच्या दहा अंकांपैकी शेवटचा तुटला तर दहा पर्याय उरतात, दोन तुटले तर शंभर. त्यांतील एकच खरा. बाकीचे बहुतेक कोणा ना कोणा परक्या माणसाचे, जो आपल्या शेतात किंवा वर्गात असेल आणि ज्याचा विमा योजनेशी काडीचाही संबंध नसेल.

अंक मोजले की तुकडा ओळखता येईल, असे कोणी म्हणेल. पुष्कळदा येतो, परंतु तीन सापळे ध्यानात ठेवावयास हवेत. पहिला सापळा निःशुल्क क्रमांकांचा. किसान कॉल सेंटर 2004 पासून चालू आहे. त्याचा क्रमांक 1800-180-1551 हा अकरा अंकी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1800-11-4000 हा दहा अंकी आहे. दोन्ही लांब्या रूढ असल्यामुळे पहिल्यातील शेवटचा एक अंक गळून 1800-180-155 उरले, तर केवळ मोजून ते अपुरे आहे हे कळणार नाही.

दुसरा सापळा शून्याचा. हिंगोलीचा दूरध्वनी संकेत 02456 आणि पुढे सहा अंक, असे अकरा अंक होतात. शेवटचा एक तुटला की दहा उरतात. आणि ‘दहा अंक म्हणजे पुरा क्रमांक’ अशी सवय जडलेला डोळा तो निमूट स्वीकारतो.

तिसरा सापळा सर्वांत फसवा. भ्रमणध्वनीच्या क्रमांकाआधी देशाचा संकेत म्हणून 91 लिहितात; त्यापुढचे अधिक चिन्ह पुष्कळदा गळते. अशा बारा अंकांतील शेवटचे दोन तुटले तर 91 आणि पुढे आठ, असे दहा अंक राहतात. दहा अंकी, आणि 9 ने सुरू होणारा! आकाराने हा निर्दोष भ्रमणध्वनी क्रमांक आहे आणि तो कोणाचा तरी असण्याची शक्यता दाट आहे. तेव्हा मोजण्यापूर्वी आरंभीचा 0 किंवा 91 बाजूला काढावा, मग दहा अंक उरतात का आणि त्यांचा आरंभ 6, 7, 8 किंवा 9 ने होतो का ते पाहावे. लहान क्रमांकांना मात्र हीही कसोटी लागू पडत नाही. 14447 मधील शेवटचा 7 गळाला तर 1444 उरते. ते अपुरे आहे हे आधीपासून ठाऊक असलेल्यालाच कळेल.

काहीच नसण्यापेक्षा काहीतरी?

या मतावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. अर्धा पत्ता का होईना, हाती असलेला बरा. जाणता मनुष्य त्यावरून पुरा पत्ता शोधून काढील. तो पुसून टाकला तर तेवढाही आधार राहणार नाही. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. `pmfby.gov` पाहून पुढे `.in` असले पाहिजे हे एखादा संगणक शिक्षक ओळखेलच. परंतु निरोप त्याच्यासाठी लिहिलेला नसतो. ज्याला ते ओळखता येते त्याला मुळात निरोपातील पत्त्याची फारशी गरज नसते. ज्याला गरज असते त्याला ओळखता येत नाही. तुकडा त्यामुळे नेमक्या चुकीच्या माणसाला मदत करतो.

दुसरे असे, की माहितीचा अभाव आणि चुकीची माहिती यांच्या किमती सारख्या नसतात. पत्ता नाही हे कळले तर मनुष्य विचारतो. पत्ता आहे असे वाटले तर तो विचारणे थांबवतो. हाती आलेला तुकडा उघडला नाही म्हणून पुष्कळजण तोच तुकडा शोधयंत्रात टाकतात आणि वर दिसेल तो क्रमांक फिरवतात. ग्राहकसेवेचे खोटे क्रमांक अशा शोधाच्या वाटेवर पेरून ठेवणे ही तर आपल्या देशातील ठकसेनांची रूढ रीत झाली आहे. निरोप पाठवणारा खरा होता, या विश्वासाच्या जोरावरच मनुष्य त्या सापळ्यापर्यंत चालत जातो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक गोष्ट दिसते. दुसऱ्या भागाचे काही पैसे वाचतात ते पाठवणाऱ्या संस्थेचे. वाया गेलेला दिवस, एस.टी.चे भाडे, बुडालेली मुदत हा खर्च पडतो घेणाऱ्यावर. बचत एकाच्या वहीत आणि तोटा दुसऱ्याच्या, असे असले की कात्री थांबवण्याची निकड बचत करणाऱ्याला कधीच वाटत नाही. शिवाय हा भार भाषेवरही पडतो. 90 खुणांचा निरोप रोमन लिपीत एका संदेशात मावतो, देवनागरीत त्याला दोन लागतात. म्हणून तुटण्याचे प्रमाण मराठीत अधिक असणार हे उघड आहे. यावर मराठी सोडून द्यावी हा उपाय नव्हे. मराठी मोजून लिहावी हा आहे.

कात्री कोठे चालवावी

मोजून लिहिणे अवघड नाही. वरचाच निरोप असा लिहिता येईल :

```
पीक बुडाल्यास pmfby.gov.in किंवा 14447 वर 72 तासांत नुकसान कळवा.
```

याच्या 64 खुणा होतात. तो एका संदेशात मावतो. पत्ता 26 व्या खुणेवर आणि क्रमांक 38 व्या खुणेवर पुरा होतो. पुढे कोठेही तुटले तरी या दोहोंना धक्का लागत नाही. तुटलाच तर ‘नुकसान कळवा’ हा शेवट तुटेल आणि तो तुटला हे कोणालाही दिसेल. पत्ता व क्रमांक आधी, समजावणी नंतर, हा क्रम प्रत्येक कार्यालयाने पाळावा. पत्त्याला ‘वर’, ‘ला’, ‘मध्ये’ हे प्रत्यय चिकटवून लिहू नयेत. मध्ये जागा सोडावी. नाही तर यंत्र प्रत्ययालाच पत्त्याचे शेपूट समजते आणि पुरा पत्ताही बिघडतो.

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांनी दुसरा नियम पाळावा : छेद पत्त्याच्या किंवा क्रमांकाच्या पोटात येत असेल, तर त्याच्या आरंभापर्यंत मागे जावे, तो संपूर्ण गाळावा आणि तेथे तीन टिंबे ठेवावीत. पत्ता ही एक अविभाज्य वस्तू आहे. तो पुरा द्यावा किंवा मुळीच देऊ नये; तिसरा मार्ग नाही.

येथे कोणी विचारील, की दूरसंचार नियामक प्राधिकरणाने हे पाहिलेले नाही काय? काही अंशी पाहिले आहे. संस्थांच्या संदेशांतील दुवे आधी नोंदवून मान्य करून घ्यावेत आणि अमान्य दुव्यांचे संदेश रोखावेत, ही व्यवस्था 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाली. परंतु ही तपासणी दूरसंचार कंपनीच्या दाराशी होते. संदेश त्या दारातून बाहेर पडल्यावर त्याचा दुसरा भाग पोहोचला नाही, फोनच्या सूचनापट्टीने तो अर्धाच दाखवला, किंवा कोणी तो अर्धाच उतरवून गावाच्या फलकावर लावला, तर तेथे पहारा नाही.

तो पहारा मग लिपिक आणि शिक्षक यांनाच द्यावा लागेल, कारण फलक आणि नोंदवही त्यांच्या हातात असते. सूचनापट्टीवरून पत्ता उतरवू नये; संदेश उघडून शेवटपर्यंत वाचावा. संदेशाच्या शेवटी पूर्णविराम किंवा संस्थेचे नाव नसेल आणि तो पत्त्यावर अथवा आकड्यावर संपत असेल, तर तो तुटला असल्याचे गृहीत धरावे. नोंदवहीत तुटका क्रमांक आढळला तर शेजारी ‘अपूर्ण’ असे लिहावे. अंदाजाने अंक भरू नये, कारण भरलेला अंक उद्याच्या लिपिकाला मूळचाच वाटतो. पुरा पत्ता पूर्वीच्या छापील कागदावरून, पासबुकावरून किंवा प्रत्यक्ष कार्यालयातून घ्यावा. आणि चुकीच्या पानावर खात्याची माहिती दिली गेलीच, तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

संदेशाचा तुटलेला शब्द वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोपवता येतो. तुटलेला पत्ता आणि तुटलेला क्रमांक कोणाच्याच समजुतीवर सोपवता येत नाहीत. 72 तासांची मुदत ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला फसवा तुकडा देण्यापेक्षा ‘कार्यालयात चौकशी करा’ हे तीन शब्द दिलेले अधिक प्रामाणिक ठरतील.